'आम्ही' कुठे संपतं आणि 'मी' कुठे सुरू होतो

> बुटीबोरीत एका प्रोसेस प्लांटला मेकॅनिकल मेंटेनन्समध्ये आहे, 14 वर्षं झाली, सध्या डेप्युटी मॅनेजर. लिंक्डइनवरचा `About` अजून रिकामाच आहे. एकदा लिहिला तर स्वतःची जाहिरात केल्यासारखं वाटलं, पुसून टाकला. मित्र म्हणतो थर्ड पर्सनमध्ये लिही, बरं दिसतं. 'मी' वापरून लिहू का? आणि लिहू तर नेमकं काय? ऑफिसात कुणी वाचलं तर काय, हीपण धास्ती आहे.

'मी' वापरूनच लिहा. वर तुमचं नाव, बाजूला तुमचा फोटो, आणि खाली मजकूर म्हणतो 'श्री. अमुक हे एक अनुभवी अभियंता असून...' हे सत्कार समारंभातल्या सूत्रसंचालकाचं बोलणं झालं. इथे सूत्रसंचालकही तुम्हीच आणि शाल पांघरायला बसलेलेही तुम्हीच. परिसंवादाच्या पत्रिकेत वक्त्याची ओळख तशी चालते, कारण ती खरोखरच दुसऱ्याने लिहिलेली असते.

मी मूळची मेकॅनिकलचीच. हिंगण्याच्या एमआयडीसीत 7 वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आणि आता 16 वर्षं कारखान्यांसाठी इंजिनिअर निवडायचं काम करते. हा मजकूर वाचणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि तो लिहिताना लोक कुठे अडतात तेही रोज बघते. बहुतेक जण तुमच्यासारखेच 'मी' या शब्दाशी अडतात.

तुम्ही पुसून टाकलेला मजकूर मी वाचलेला नाही, पण त्यात काय असेल याचा अंदाज आहे: 'मेहनती', 'ध्येयनिष्ठ', 'टीम प्लेअर', 'उत्तम नेतृत्वगुण'. जाहिरातीचा वास येतो तो या विशेषणांना. 'मी' बिचारा निर्दोष आहे. हॉट वर्कच्या परमिटवर तुम्ही सही करता तेव्हा तुम्हाला मीपणा केल्यासारखं वाटतं का? तिथे तुमचं नाव याचा अर्थ एवढाच की ही जागा मी पाहिली, गॅस मी तपासून घेतला, काही झालं तर मला विचारा. `About` मधला 'मी' असाच असावा. ज्या वाक्याबद्दल कुणी उलट विचारलं तर तुम्ही उत्तर देऊ शकता, त्या वाक्याखाली ती तुमची सही.

आता आपल्या भाषेचा एक गुण बघा, तो इथे आडवा येतो. 'पंप बसवला', 'कपलिंग बदललं', 'शटडाऊन वेळेत संपवला'. या वाक्यांत करणारा कोण? क्रियापद पंपाप्रमाणे आणि कपलिंगप्रमाणे चालतं, करणाऱ्याचा त्यात पत्ताच नाही. बोलताना समोरचा माणूस दिसत असतो म्हणून भागतं. त्यात ऑफिसच्या कागदांनी आपल्याला 'करण्यात आले' ची सवय लावलेली. मग इंग्रजी बायोडेटाची पद्धत येते, तिथेही कर्ता गाळूनच लिहितात. तिन्हीकडून 'मी' गायब, आणि 14 वर्षांचं काम जणू आपोआप झालं असं दिसतं. म्हणून तुमचा `About` शेवटी इंग्रजीत जाणार असला, आणि तुमच्या क्षेत्रात तो इंग्रजीतच जायला हवा, तरी पहिला मसुदा मराठीत लिहा आणि प्रत्येक वाक्यात कर्ता घाला. 'मी', 'आम्ही', 'फिटरने', 'व्हेंडरने', जो असेल तो. इंग्रजी नंतर करता येतं. कोणी काय केलं हे आधी ठरलं पाहिजे.

हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं उदाहरण सविस्तर सांगते. तुमच्यासारखेच मेंटेनन्सचे, 13 वर्षांचा अनुभव, नागपूरजवळच्याच एका प्लांटमध्ये. कंपनी ओळखता येईल असे तपशील गाळले आहेत.

त्यांनी आणलेला मजकूर असा सुरू होत होता: '13 वर्षांहून अधिक व्यापक अनुभव असलेला, परिणामाभिमुख व्यावसायिक. प्लांट मेंटेनन्स, खर्च नियंत्रण आणि मनुष्यबळ व्यवस्थापनात प्रावीण्य.' मी त्यांना विचारलं, तुमच्या शेजारच्या टेबलवर कोण बसतं? म्हणाले, इलेक्ट्रिकलचे मॅनेजर. म्हटलं, 'मेंटेनन्स'च्या जागी 'इलेक्ट्रिकल' टाकून हा मजकूर त्यांच्या नावाखाली चिकटवला तर काही चुकेल का? ते हसले. कागद बाजूला ठेवला, चहा मागवला, आणि मी विचारलं, गेल्या तीनचार वर्षांत कुठल्या मशीनने तुमची झोप उडवली?

लगेच उत्तर आलं: बॉयलरचा आयडी फॅन. त्याचं ड्राइव्ह साइडचं बेअरिंग एका वर्षात तीन वेळा गेलं. दर वेळी बॉयलर खाली, प्लांट अर्धा बंद, सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा यांच्याकडे. पहिल्यांदा बेअरिंगच खराब निघालं असं धरलं. दुसऱ्यांदा कंपनी बदलली. तिसऱ्यांदा ग्रीसवर खापर फुटलं. अलाइनमेंट दर वेळी केलेलं होतं, डायल गेजचे आकडे रजिस्टरमध्ये होते आणि ते चांगले होते.

मग? मग त्यांच्या लक्षात आलं की ते सगळे आकडे थंड फॅनचे आहेत. आयडी फॅनमधून चिमणीकडे जाणारा गरम वायू जातो. फॅनच्या बाजूचा बेअरिंगचा स्टँड तापतो, तापला की वाढतो, आणि शाफ्ट वर उचलतो. मोटरच्या बाजूला तेवढी उष्णता नाही, त्यामुळे ती जवळपास जागेवरच राहते. त्यांनी कागदावर गणित मांडलं होतं, ते मला तोंडपाठ सांगितलं:

```
ΔL = α × L × ΔT
   = 0.000012 × 900 mm × 25 °C
   = 0.27 mm
```

पाव मिलिमीटरहून थोडं जास्त. थंड असताना दोन्ही शाफ्ट एका रेषेत, आणि बॉयलर पूर्ण लोडला आला की एक शाफ्ट पाव मिलिमीटर वर. त्या वेगाच्या फॅनला ही तफावत मोठी आहे. फॅन थांबवल्याबरोबर, थंड व्हायच्या आत रीडिंग घेतलं तेव्हा ती दिसलीही. मग थंड असताना मोटर तेवढी वर ठेवून अलाइनमेंट केलं, म्हणजे गरम झाल्यावर दोन्ही शाफ्ट रेषेत यावेत. त्यानंतर 26 महिने तेच बेअरिंग चालू होतं.

ही गोष्ट त्यांच्या मजकुरात कुठेच नव्हती. का, विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, ते तर आम्ही सगळ्यांनी मिळून केलं.'

इथे थांबावं लागलं. मी एकेक क्रियापद घेऊन विचारत गेले. डायल गेज कोणी लावलं? सीनिअर फिटरने. शिम कोणी बदलल्या? त्याच फिटरने, हेल्परबरोबर. गरम असताना मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं? जरा थांबून, 'माझ्याच.' प्रॉडक्शनवाले फॅन थांबवायला तयार होते का? 'कुठले हो! चार तासांसाठी प्लांट हेडपर्यंत जावं लागलं.' कोण गेलं? 'मी.' आणि रीडिंगमध्ये काही निघालं नसतं तर त्या चार तासांचा जाब कोणाला विचारला असता? 'मलाच.'

झालं. निर्णय तुमचा, जोखीम तुमची, तर तिथे 'मी'. हातांनी केलेलं काम टीमचं, तर तिथे 'आम्ही' किंवा 'फिटरने'. ही सीमा नीट आखली की दोन गोष्टी एकदम सुटतात. फिटरचं काम स्वतःच्या नावावर घातल्याची टोचणी राहत नाही, आणि वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस नेमका कुठे उपयोगी पडेल. मॅनेजरच्या जागेसाठी माणूस शोधताना मला हेच हवं असतं. स्पॅनर सगळेच चालवू शकतात असं धरलेलंच असतं. चार तासांचा बंद मागायला कोण गेलं, हे कळायला हवं असतं.

सरसकट 'मी मी' लिहिणाराही मुलाखतीत पकडला जातो. एका उमेदवाराने लिहिलं होतं, 'मी टर्बाइनचं ओव्हरहॉलिंग केलं.' पॅनेलवरच्या माणसाने एका क्लिअरन्सबद्दल विचारलं आणि गाडी अडली. ओव्हरहॉलिंग टर्बाइन बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी केलं होतं, यांच्याकडे समन्वय होता. समन्वय हेसुद्धा काम आहे, तसंच लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न त्यावरच आला असता आणि यांना उत्तर देता आलं असतं.

आता आकडे. लोकांना वाटतं टक्केवारी टाकली की मजकूर भारदस्त होतो. 'ब्रेकडाऊन 40 टक्के कमी केले' हे वाचून तांत्रिक माणूस पहिला प्रश्न विचारतो: कशाच्या तुलनेत? एकदा याचं उत्तर असं निघालं की तुलनेचं वर्ष म्हणजे प्लांट नवीन सुरू झाल्याचं वर्ष होतं, जेव्हा कुठलाही प्लांट सतत बंद पडतोच. ते 40 टक्के काळाने कमी केले होते. त्यापेक्षा मोजता येणारी साधी गोष्ट लिहा: वर्षात तीन वेळा गेलेलं बेअरिंग, आणि नंतर 26 महिने एकदाही नाही. यात कुठलंही टक्क्याचं गणित नाही, लॉगबुकमध्ये दिसतं, आणि कंपनीचं उत्पादन किती, वाफ किती, कोळसा किती लागतो यातलं काही बाहेर जात नाही. रुपयांची बचत शक्यतो लिहूच नका. तो आकडा बहुतेक वेळा कुणीतरी प्रेझेंटेशनसाठी काढलेला असतो आणि त्याचा हिशोब तुमच्याकडे नसतो.

मजकूर लिहायला बसण्याआधी म्हणूनच जुनी लॉगबुकं किंवा ब्रेकडाऊन रजिस्टर चाळा. आठवणीत आकडे फुगतात. त्या गृहस्थांनाही आधी 'तीनएक वर्षं बेअरिंग चाललं' असं वाटत होतं, रजिस्टर पाहिल्यावर 26 महिने निघाले. 26 महिने हा विचित्र आकडा आहे म्हणूनच तो खरा वाटतो.

जागेचं गणित थोडक्यात. `About` ला 2,600 अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. इंग्रजीत साधारण 400 शब्द. ती भरायची गरज नाही, दोनशे ते अडीचशे शब्द पुरतात. त्याहून महत्त्वाचं हे की प्रोफाइल उघडणाऱ्याला सुरुवातीच्या दोनतीन ओळीच दिसतात, बाकीचं `see more` दाबल्यावर. मोबाइलवर त्याहून कमी. ती जागा '13 वर्षांचा अनुभव' सांगण्यात घालवू नका. अनुभव खाली तारखांसकट दिसतोच. त्या ओळींत कुठल्या प्रकारची अडचण तुम्ही सोडवता ते आलं पाहिजे.

दोन बैठकांनंतर त्या गृहस्थांचा जो मजकूर तयार झाला तो असा होता. इंग्रजी करण्याआधीचा हा मराठी मसुदा:

> 24 तास चालणाऱ्या प्लांटमध्ये तेच मशीन पुन्हा पुन्हा का बिघडतं, हे शोधणं माझं काम. बॉयलरचे फॅन, फीड पंप आणि कॉम्प्रेसर ही माझी रोजची रोटेटिंग इक्विपमेंट.
>
> आमच्या आयडी फॅनचं बेअरिंग एका वर्षात तीन वेळा गेलं. प्रत्येक वेळी अलाइनमेंट थंड असताना तपासलेलं होतं. मी ते गरम असताना मोजायचं ठरवलं आणि त्यासाठी चार तासांचा बंद मागून घेतला. बेअरिंगचा स्टँड तापून वर येत होता. तेवढी तफावत धरून आमच्या फिटरनी पुन्हा अलाइनमेंट केलं. नंतरचे 26 महिने ते बेअरिंग बदलावं लागलेलं नाही.
>
> तेव्हापासून आमच्या विभागात एक नियम मी लावला आहे: तोच भाग वर्षात दुसऱ्यांदा गेला, तर नवीन मागवण्याआधी बिघाडाचं मूळ कारण एका पानावर लिहायचं. सुरुवातीला ही पानं मी लिहायचो. आता नऊजणांच्या टीममधले फिटरही लिहितात.
>
> त्याआधी 5 वर्षं मी प्रोजेक्टमध्ये होतो. उभारणीच्या वेळी पाइपला दिलेला चुकीचा आधार पुढे पंपाच्या नोझलवर कसा ताण देतो, हे तेव्हा शिकलो. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं प्रमाणपत्र आहे.
>
> यापुढे एकापेक्षा जास्त प्लांटच्या रोटेटिंग इक्विपमेंटची रिलायबिलिटी सांभाळायची इच्छा आहे. नागपुरात राहतो, साइटवर जाऊन राहायची तयारी आहे. तुमच्याकडे असा हट्टी फॅन किंवा पंप असेल तर त्याबद्दल बोलायला मला आवडेल.

यात पाच परिच्छेद आहेत, पण जीव दुसऱ्यातच आहे. एकच प्रसंग, पूर्ण. लोक पाच प्रसंग अर्धे अर्धे लिहितात आणि एकही लक्षात राहत नाही. तिसरा परिच्छेद घालायला मी त्यांना भाग पाडलं, कारण दुसरा एकटा असता तर 'हुशार इंजिनिअर' एवढंच कळलं असतं. 13-14 वर्षांनंतर वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट बघायची असते: याने शोधलेलं याच्यापाशीच राहतं की विभागात मुरतं? 'नेतृत्वगुण' हा शब्द न लिहिता तेच सांगायचं असेल तर 'आता फिटरही लिहितात' एवढं पुरतं.

चौथ्या परिच्छेदावर आमचा थोडा वाद झाला. प्रोजेक्टच्या 5 वर्षांतलं त्यांना बरंच सांगायचं होतं, किती टन फॅब्रिकेशन, किती किलोमीटर पाइप. मी म्हटलं, पुढे तुम्हाला प्रोजेक्टमध्ये जायचंय का? नाही. मग त्या वर्षांतलं जे मेंटेनन्सला उपयोगी पडतं तेवढंच ठेवा, बाकीचं खाली `Experience` मध्ये. मधल्या टप्प्यावरच्या माणसाची ही खरी अडचण आहे. सगळंच थोडंथोडं केलेलं असतं आणि सगळंच लिहावंसं वाटतं. नव्याला लिहायला काही नसतं, निवृत्तीला आलेल्याचं पद बोलतं. तुम्हाला मात्र निवड करावी लागते, आणि ती निवड मागे काय केलं यावरून न करता पुढे कुठे जायचं यावरून करायची असते. तुम्हाला प्लांट हेड व्हायचं असेल तर दुसरा परिच्छेद बेअरिंगचा नसावा. शटडाऊनचं वेळापत्रक, कंत्राटदार, सुरक्षा यांतला प्रसंग निवडा. तेच 14 वर्षांचं साहित्य, पण मजकूर वेगळा.

शेवटच्या परिच्छेदातली नागपूरची ओळ मुद्दाम आहे. पुण्यातल्या किंवा हैदराबादच्या माणसाला बुटीबोरी, मौदा, खापरखेडा ही नावं काही सांगत नाहीत, म्हणून प्लांटची ओळख गावाने न देता '24 तास चालणारा' अशी कामाने दिली. पण माणूस हलणार की नाही हे त्याला नक्की जाणून घ्यायचं असतं. आईवडील इथे आहेत म्हणून नागपूर सोडायचं नसेल तर तेही सरळ लिहा, कारण द्यायची गरज नाही. तीन फेऱ्या मुलाखती होऊन शेवटी 'घरी विचारून सांगतो' म्हणण्यापेक्षा दोघांचाही वेळ वाचतो.

इंग्रजी करताना एक गोष्ट त्रास देते. मराठीत दर वाक्यात कर्ता घातला तरी वाक्य 'मी'ने सुरू होतंच असं नाही. इंग्रजीत प्रथमपुरुषी वाक्यं 'आय'ने सुरू व्हायला लागतात आणि सलग आठ ओळींच्या डाव्या कडेला तोच खांब उभा राहतो. 'मी' कमी करू नका, वाक्यांची सुरुवात बदला: काही वाक्यं मशीनपासून सुरू करा, काही काळापासून. वरच्या मसुद्यात बघा, 'आमच्या आयडी फॅनचं', 'बेअरिंगचा स्टँड', 'तेव्हापासून'. इंग्रजीतही तसंच ठेवा. बोलताना जो शब्द तुम्ही कधीच तोंडाने उच्चारत नाही, तो इंग्रजीत शिरू देऊ नका. खास शब्द वापरायचेच असतील तर शोधात टाकले जाणारे शब्द वापरा: रोटेटिंग इक्विपमेंट, रिलायबिलिटी, रूट कॉज, बॉयलर. एकेकदा, वाक्यात बसतील तिथे. त्यांची रांग लावायची जागा `Skills` आहे. आणि ठळक किंवा तिरकी अक्षरं काढून देणाऱ्या साइटवरून मजकूर सजवून आणू नका. ती साधी अक्षरं नसतात, वेगळी चिन्हं असतात. शोधात सापडायला अडचण होते आणि अंधांसाठीची वाचक प्रणाली ती धड वाचत नाही.

ऑफिसातल्या धास्तीबद्दल. आधी सेटिंग्ज: प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवण्याचा `Share profile updates with your network` हा पर्याय बंद करा, मग बदल करा. `Open to work` लावायचं असेल तर फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय निवडा, फोटोभोवतीची हिरवी पट्टी नको. पण त्यावरही पूर्ण विसंबू नका. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवण्याचा प्रयत्न होतो, पण खात्री लिंक्डइन स्वतःही देत नाही. ग्रुप कंपन्या असतील तर अजूनच नाही.

मजकुरासाठी मात्र माझी कसोटी वेगळी आहे. उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये प्लांट हेडने तुमचा `About` मोबाइलवर उघडून सगळ्यांसमोर वाचला, तर कुठल्या वाक्याला तुमची मान खाली जाईल? वरच्या मसुद्यात नोकरी शोधतोय असं कुठेही नाही. एकापेक्षा जास्त प्लांट सांभाळायची इच्छा स्वतःच्या कंपनीतही असू शकते. आणि बेअरिंगची गोष्ट तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्या फिटरलासुद्धा. त्यांच्यातल्या कुणी 'हे असं नव्हतं' म्हणू शकेल असं एकही वाक्य ठेवू नका. त्या गृहस्थांनी तर मजकूर आधी त्या सीनिअर फिटरलाच वाचून दाखवला. त्याने एकच दुरुस्ती सांगितली. आधी 'आम्ही पुन्हा अलाइनमेंट केलं' असं होतं, तो म्हणाला, 'साहेब, ते आम्ही केलं, तुम्ही तेव्हा कंट्रोल रूममध्ये होता.' म्हणून तिथे 'आमच्या फिटरनी' आलं.

कंपनीचं, ग्राहकाचं किंवा मशीन बनवणाऱ्याचं नाव बिघाडाच्या वाक्यात कधीच नको. पगार, नोटीस पीरियड, मोबाइल नंबर हेही इथे नको.

मजकूर टाकल्यावर तीन आठवड्यांनी त्यांना रायपूरकडच्या एका ग्रुपमधून फोन आला. व्हिडिओ कॉलवर पॅनेलमधल्या म्हाताऱ्या इंजिनिअरने ओळखपाळख, स्वतःबद्दल सांगा वगैरे काही विचारलं नाही. पहिलाच प्रश्न होता, 'फॅन थांबवल्यापासून पहिलं रीडिंग किती मिनिटांनी घेतलं?' यांनी सांगितलं, परमिट आणि लॉकआउट आधीच तयार ठेवलं होतं, तरी गार्ड काढून गेज लावेपर्यंत 20 मिनिटं गेली. तो म्हणाला, 'म्हणजे तुम्हाला खरी तफावत त्याहून थोडी कमीच दिसली असेल.' पुढची अर्धी मुलाखत त्यावरच चालली. ती जागा त्यांनी शेवटी घेतली नाही, पगारावर जमलं नाही. पण त्या म्हाताऱ्याशी अजून बोलणं होतं, आणि मसुद्यात त्यांनी नंतर एक शब्द वाढवला: 'गरम असताना'च्या जागी 'थांबवल्याबरोबर, गरम असताना'.